लेकीचा पहिला ओवसा: माहेरच्यांनी काय पाठवायचं, किती पाठवायचं आणि बजेट कसं सांभाळायचं

घरातलं पहिलं लग्न झालं की माहेरच्यांना एकेक सण नव्याने कळायला लागतो, आणि आपल्या कोकणात त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे गौरी-गणपतीतला ओवसा, कोणी ववसा म्हणतं. दिवाळसण सगळ्या महाराष्ट्रात आहे, त्याची माहिती कुठेही मिळते. ओवशाचं तसं नाही, वाडी बदलली की पद्धत बदलते आणि सांगणारी माणसं दहा, प्रत्येकाचं वेगळं. म्हणून हे मुद्दाम लिहितेय, खास करून ज्यांची लेक यंदा पहिल्यांदा सासरी गौर पुजणार आहे त्यांच्यासाठी.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रत्नागिरी आणि रायगडकडच्या बऱ्याच घरांत नवी सून गौरीच्या पूजेच्या दिवशी बांबूची सुपं भरून गौरीपुढे ओवसते, म्हणजे भरलेलं सूप दोन्ही हातांत धरून देवीला ओवाळते, आणि मग ती सुपं सासू, आजेसासू, जाऊ, नणंद अशा मानाच्या माणसांना देऊन पाया पडते. ज्याला सूप मिळतं तो तिला काहीतरी देतो, कोणी पैसे, कोणी साडी, कोणी भांडं, सासूने जमलं तर छोटा दागिना. पहिल्या वर्षीची ही सुपं आणि त्यातलं सामान माहेरहून जातं, आणि इथूनच आपल्या खर्चाला सुरुवात होते.

सगळ्यांकडे हे असतंच असं नाही हां. जिथे पाणवठ्यावरून खडे आणून खड्यांच्या गौरी बसवतात त्या घरांत बहुतेक वेळा सुपांचा प्रकार नसतो, तिथे नव्या सुनेचं कौतुक श्रावणातल्या मंगळागौरीला होतं. तेव्हा तुमच्या घरी आहे म्हणून त्यांच्या घरी असेल असं धरू नका, आणि उलटंही धरू नका.

आधी फोन, मग बाजार

खर्च वाढतो तो फळांनी नाही आणि सुपांनीही नाही, तो वाढतो माणसांच्या आकड्याने. एका माणसामागे एक सूप, त्यात पाच फळं, एक खण, आणि मग कोणीतरी म्हणतं नुसतं सूप काय द्यायचं वर साडी ठेवा, की झालं, प्रत्येक वस्तू गुणिले माणसं. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी आकडा पक्का करायचा, आणि तो आत्याला, मावशीला किंवा लग्न जमवणाऱ्या काकांना विचारून नाही तर थेट विहीणबाईंना विचारून. आपल्याकडे हे विचारायला लोकांना लाज वाटते, वाटतं की विचारलं म्हणजे हात आखडता घेतला. अहो पण न विचारता अकरा सुपं नेली आणि त्यांच्याकडे पाचचीच पद्धत निघाली तर उरलेली सहा कोणाला द्यायची यावरून भावकीत रुसवे होतात, आणि ते निस्तरायला आपली लेक असते.

फोन आषाढातच करा, श्रावणाची वाट बघू नका. आईने विहीणबाईंशी बोलावं, बापयांच्या बोलण्यात हे मुद्दे येतच नाहीत, ते गणपतीला कधी येताय यावरच फोन ठेवतात. साधारण असं बोलायचं, "ताई, तुमच्याकडे ओवशाला सुपं किती लागतात? पहिलं कोणाला द्यायचं? साडीची पद्धत आहे की खण चालतो? म्हणजे आम्ही त्याप्रमाणे तयारी करतो, कमी नको आणि जास्तही नको." हे शेवटचं वाक्य नक्की बोला. बहुतेक विहीणबाई तिथेच मोकळ्या होतात आणि सांगतात की आमच्याकडे पाचच, उगाच खर्च करू नका.

याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, यंदा ओवसा आहे ना. काही गावांत नव्या सुनेचा पहिला ओवसा पूर्वा नक्षत्राचा योग बघूनच करतात, तो नसेल तर पुढच्या वर्षावर जातो, आणि हे त्यांच्या गावचे भटजी किंवा जुनी माणसंच सांगणार. दोन, भावकीत सोयर-सुतक आहे का. कोकणातली भावकी मोठी, मुंबईत कोणी वारलं तरी गावच्या घराला सुतक, आणि सुतकात ओवसा होत नाही. हे कधीही होऊ शकतं म्हणून नाशवंत सामान शेवटच्या क्षणापर्यंत घ्यायचं नाही, कारण साडी पुढच्या वर्षी चालते, सीताफळं चालत नाहीत.

तारखेचंही विचारून घ्या. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर पूजा आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, त्यामुळे गणपतीनंतर बरोब्बर कितव्या दिवशी ते दरवर्षी बदलतं. ओवसा पूजेच्या दिवशी, म्हणजे सामान आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिकडे पोचलेलं बरं.

लिस्टचे तीन भाग करा

फोन झाला की वही घ्या आणि तीन रकाने पाडा, विधीचं, मानाचं आणि हौसेचं. विधीचं म्हणजे ज्याच्याशिवाय ओवसा होणार नाही, सुपं आणि त्यातलं सामान. मानाचं म्हणजे सासू-सासरे, आजेसासू, जावई आणि स्वतः लेक यांचे कपडे. हौसेचं म्हणजे बाकी सगळं, भावकीतल्या जावांना साड्या, मिठाईचे बॉक्स, भांडी, जावयाला घड्याळ. पैसे याच क्रमाने वाटायचे. लोक नेमकं उलटं करतात, आधी साड्यांच्या दुकानात जातात, तिथे निम्मं बजेट उडतं आणि मग सुपात टाकायला बारकी सफरचंदं.

विधीच्या रकान्यात प्रत्येक सुपासाठी साधारण हे लागतं: पाच प्रकारची फळं, एक नारळ, पूजेचा सुका मेवा म्हणजे खारीक, बदाम, अक्रोड, हळकुंड आणि सुपारी, विड्याची पानं, खण, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, फणी. बऱ्याच घरी सुपात खाली काकडी, भोपळा, पडवळ अशा वेलींची पानं घालतात, ती परसातली असतात, विकत घ्यायची नाहीत, आणि सासरच्या परसात असतातच म्हणून नेण्याचीही गरज नाही, फक्त विचारून ठेवा. सुपाला हळदीत भिजवलेला सुती दोरा गुंडाळतात, किती वेढे आणि कोणी गुंडाळायचे हे त्या घरच्या बायका सांगतील, आपण दोऱ्याची गुंडी द्यायची.

फळांत महागडी घ्यायचीच असं काही नाही. भाद्रपदात आपल्याकडे चिबूड असतो, पेरू असतात, केळी असतात, तवसं म्हणजे मोठी काकडी असते. मोठा चिबूड एका सुपात एक ठेवला तरी सूप भरल्यासारखं दिसतं. ड्रॅगनफ्रूट आणि किवी घालून फोटो चांगला येतो एवढंच, आजेसासूला ते सोलताही येत नाही.

सुपं: इथे घाई करू नका

सूप घ्यायचं बुरुडाकडून, आणि सांगून ठेवायचं श्रावणाच्या सुरुवातीलाच. गणपतीच्या आदल्या आठवड्यात बाजारात सुपं मिळतात पण भाव चढलेला असतो आणि घाईत विणलेला माल असतो. घेताना काठ बघा, कड नीट बांधलेली आहे का, अंगठ्याने दाबल्यावर हलते का. मग सूप उजेडात धरा, वीण विरळ असेल तर लगेच कळतं. ओल्या हिरव्या बांबूचं सूप असेल तर सुकल्यावर कड सैल पडते आणि त्यात नारळ, फळं असं दोन-तीन किलोचं वजन आलं की लेक ओवसत असतानाच खाली पोट काढतं. तिला एका हाताने खालून आधार द्यायला सांगा हा एक उपाय, पण महिनाभर आधी घेऊन घरात सुकवलेलं सूप हा खरा उपाय.

आणि पाऊस! सुपं पोटमाळ्यावर ठेवली आणि विसरलात तर काळी बुरशी धरते. ऊन पडलं की बाहेर काढायची, ऊन नसेल तर चुलीच्या वर टांगायची, चूल नसेल तर पंख्याखाली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अजिबात ठेवू नका, जुनी साडी किंवा गोणपाट चालेल. बुरशी आलीच तर धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसून उन्हात टाका.

मुंबईहून गावी येणाऱ्यांनी सुपं ट्रेनने आणायचा विचारही करू नये. गणपतीत गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्यात सुपांची चवड. साड्या, खण, बांगड्या दादरहून आणा, सुपं आणि नारळ गावातच घ्या. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे पोचवायला कोण जाणार हेसुद्धा तेव्हाच ठरलेलं पाहिजे, ऐनवेळी खासगी गाडी करावी लागली तर साड्यांचे पैसे तिथेच गेले.

आता एक हिशोब करून बघू

समजा माहेर लांज्याजवळ, सासर देवरुखकडे, आणि घरच्यांनी ठरवलंय की ओवशाला १५,००० च्या वर जायचं नाही. हे भाव अंदाजाने धरलेत, तुमच्या बाजाराप्रमाणे कमी-जास्त करा.

पहिल्या बैठकीत नातेवाईकांनी लिस्ट केली ती अशी की सासू, आजेसासू, तीन चुलतसासवा, दोन जावा, चार नणंदा मिळून अकरा जणी, अकरा सुपं आणि प्रत्येक सुपावर एक साडी. एक सूप २०० ला आणि आतलं सामान ३३० चं, म्हणजे फळं १५०, सुका मेवा ६०, खण ७०, बांगड्या-कुंकू-फणी ५०, नारळ घरचे. एक भरलेलं सूप पडतं ५३० ला. अकरा सुपांचे ५,८३० झाले, आणि साडी अगदी १,००० ची धरली तरी ११,०००. म्हणजे १६,८३० झाले आणि अजून लेकीची साडी नाही, जावयाचे कपडे नाहीत, गाडीभाडं नाही.

मग आईने फोन केला. तिकडून कळलं की सुपं पाचच, एक गौरीपुढे राहतं, मग आजेसासू, सासू, मोठी जाऊ आणि नणंद. बाकीच्यांना खण दिला तरी चालतो. आता पाच सुपांचे झाले २,६५०. लेकीची साडी २,५००, सासूची १,५००, आजेसासू सुती लुगडं नको म्हणाल्या म्हणून त्यांना साधी साडी १,०००, जावयाला शर्ट-पँटचं कापड १,५००, सासऱ्यांना शर्टपीस ६००, हे ७,१०० झाले. घरी केलेला खाऊ, करंज्या आणि लाडू, सामानासकट १,२००. गाडीभाडं जाऊन येऊन २,०००. ओटी, देवापुढे ठेवायचे आणि पोरांच्या हातात द्यायचे मिळून सुटे ५००. बेरीज १३,४५०. बाकी भावकीतल्या सात जणींना ७० चा खण, ४९०, म्हणजे १३,९४०. वर १,०६० उरले ते ठेवून द्यायचे, कारण तिकडे गेल्यावर एखादी मुंबईची नणंद न सांगता आलेली असतेच, म्हणून दोन-तीन खण जास्तीचे बॅगेत टाका.

लक्षात घ्या, यात कोणाचा मान कमी झाला नाही, फक्त अकरा साड्यांच्या जागी दोन साड्या आणि सात खण आले. आणि खण घेताना एकाच दुकानातून एकाच भावाचे घ्या. एकीला सिल्कचा आणि दुसरीला सुती असं झालं तर बघता बघता चर्चा होते, बायका कापड बोटाने चोळून बघतात.

खाण्याचं काय पाठवायचं

इथे बऱ्याच जणांचा पैसा फुकट जातो. किती तरी घरांत गौरी तिखटाच्या असतात, म्हणजे पूजेच्या दिवशी कोंबडी-वडे किंवा मटण असतं आणि सगळं घर त्याच्या मागे असतं. त्या दिवशी तुमच्या मिठाईच्या बॉक्सला कोणी हात लावत नाही, शिवाय गणपतीत आधीच मोदक, पेढे, खिरापत यांचा ढीग असतो. दुधाची मिठाई तर पावसाळी हवेत दोन दिवसांत आंबते. टिकणारं पाठवा, रव्याचे लाडू, करंज्या, चकल्या, आणि ते ओवशाच्या दिवशी न उघडता विसर्जनानंतर चाकरमानी मुंबईला परत निघतात तेव्हा त्यांच्या पिशव्यांत जाईल असं मोठ्या डब्यात भरून द्या. सासूला हे फार आवडतं, परतीच्या खाऊची तिची धावपळ वाचते. घरी गोडाच्याच गौरी असतील तर घावन-घाटलं त्यांच्याकडे होतंच, तेही नेऊ नका.

पॅकिंग आणि पोचवणं

फळं भरलेल्या सुपांत ठेवून नेऊ नका. सुपं रिकामी एकात एक, फळं वेगळ्या टोपलीत केळीच्या पानावर, खाली पेरू आणि डाळिंबं, वर केळी. सीताफळं कडकच घ्या, दोन दिवसांत तयार होतात. प्रत्येक सुपाचा सुका सामानाचा पुडा वेगळा बांधा आणि त्यावर पेनाने नाव लिहा, आजेसासू, सासू, असं. तिकडे त्या दिवशी घरात पंचवीस माणसं असतात आणि नव्या सुनेला कोणाच्या सुपात काय घालायचं विचारायला वेळ मिळत नाही. नावाचे पुडे असले की ती एकटी दहा मिनिटांत पाचही सुपं भरते. कपडे मात्र लेकीच्या हातात द्यायचे नाहीत, ते आईने विहीणबाईंच्या हातात द्यायचे, कुंकू लावून.

मागणी आली तर

खण की साडी हे विचारणं वेगळं आणि "आमच्याकडे पहिल्या ओवशाला जावयाला चेन घालतात" असा निरोप येणं वेगळं. ही गौरीची पद्धत नाही. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा फक्त लग्नाच्या दिवसापुरता नाही, लग्नानंतर लग्नाच्या नात्याने केलेली मागणीही त्यात येऊ शकते. असा निरोप कोणाच्या मार्फत आला तर त्यांच्याशी घासाघीस करू नका, आधी लेकीशी एकटीने बोला, तिला तिकडे काही ऐकवतात का ते बघा. पुष्कळदा मधला माणूसच तिखटमीठ लावतो आणि विहीणबाईंना पत्ताही नसतो, पण तसं नसेल तर ते लवकर कळलेलं बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज डिलीट करू नका.

यंदा जरा जपून

२०२६ मध्ये सणांची गर्दी आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे जावयाला धोंड्याचं वाण, ३३ अनारसे आणि काहींच्या घरी चांदीचं निरांजन. त्याच अधिक मासामुळे गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला, आणि मग नोव्हेंबरात दिवाळसण, जानेवारीत हलव्याचे दागिने. उन्हाळ्याआधी लग्न झालं असेल तर चारही खर्च एका वर्षात येतात. म्हणून वर्षाचा एकच आकडा धरा आणि तो सणांत वाटा. जावयाला चांदी धोंड्याला दिलीत तर ओवशाला त्याला साधं कापड पुरे, सासूला भारी साडी ओवशाला दिली तर दिवाळीला फराळ आणि उटणं. लेकीची चांगली साडी मी तरी संक्रांतीवर ढकलेन, काळी चंद्रकळा तिला घ्यावी लागणारच असते, ओवशाला ती लग्नातलीच एखादी नेसू शकते आणि घडी मोडायलाही निमित्त मिळतं.

दुसऱ्या वर्षापासून बहुतेक घरी सून सासरच्या सामानानेच ओवसते, माहेरहून फक्त ओटीचं आणि फळं जातात. तरी पहिल्या वर्षीची ती वही टाकू नका, कोणाला काय दिलं आणि लेकीला कोणी काय दिलं ते दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा, नणंदेच्या लग्नात आहेर काढायची वेळ येते तेव्हा तीच बघावी लागते.